विश्लेषण : सरकारी वीज कंपनीतील अनुभव खासगी उद्योगाच्या भाषेत कसा मांडायचा?

मुळशी तालुक्याच्या एका टोकाला हिंजवडी-माणचे माहिती तंत्रज्ञान संकुल आहे, मध्ये पिरंगुटचे कारखाने आणि दुसऱ्या टोकाला ताम्हिणीच्या जंगलातून जाणाऱ्या विजेच्या तारा. या तारा सांभाळणाऱ्या सार्वजनिक कंपनीतील अभियंत्याने उद्या पिरंगुटच्या कारखान्यात किंवा हिंजवडीच्या एखाद्या संकुलात विद्युत देखभाल प्रमुखाच्या जागेसाठी अर्ज केला, तर अंतर फार तर तासाभराचे. अडचण भाषेची असते. वर्षानुवर्षे केलेले काम तो ज्या शब्दांत लिहितो, ते समोरच्याला कळत नाहीत. आणि घाईने व्यापारी शब्द वापरले, तर मुलाखतीत ते टिकत नाहीत. हे भाषांतर खरे ठेवून कसे करायचे, याचा एका उदाहरणातून घेतलेला हा आढावा.

सरकारी भाषा कमी का पडते?

राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन ६ जून २००५ रोजी महावितरण, महापारेषण आणि महानिर्मिती या कंपन्या अस्तित्वात आल्या. मंडळाची कंपनी झाली, तरी शाखा कार्यालयातील कागदांची भाषा बरीचशी तीच राहिली. ‘शाखा कार्यालयाचे दैनंदिन कामकाज पाहिले’, ‘देखभाल-दुरुस्तीची कामे विहित मुदतीत पूर्ण केली’, ‘पावसाळापूर्व कामांची शंभर टक्के उद्दिष्टपूर्ती’ ही वाक्ये प्रगती अहवालातून थेट नोकरीच्या अर्जात उतरतात.

ही भाषा निरर्थक नाही. ती वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते. सार्वजनिक पैसा खर्च करणाऱ्याला आधी सिद्ध करावे लागते, की कामाला प्रशासकीय मान्यता होती, तांत्रिक मंजुरी होती, रक्कम मंजुरीच्या आत राहिली आणि मुदत पाळली गेली. लेखापरीक्षक तेच तपासतो. कारखान्याचा प्रकल्प प्रमुख मात्र दुसरेच विचारतो. काम करण्यापूर्वी परिस्थिती काय होती, नंतर काय झाली, त्याला किती पैसे आणि किती माणसे लागली? ‘शंभर टक्के उद्दिष्टपूर्ती’ या शब्दांत यातील एकाही प्रश्नाचे उत्तर नाही. झाडांच्या फांद्या ठरल्याप्रमाणे तोडल्या गेल्या, एवढेच त्यातून कळते. त्यानंतर वीज कमी वेळा गेली का, हे कळत नाही.

आकडे आणायचे कुठून?

अनेकांचा समज असतो, की आपल्या कामाला आकडेच नाहीत. वीज वितरणात तरी हे खरे नाही. उपकेंद्राच्या नोंदवहीत प्रत्येक वाहिनी कधी बंद पडली, कधी सुरू झाली आणि रिलेने कोणता दोष दाखवला, हे लिहिलेले असते. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०२१ च्या विद्युत पुरवठा संहिता व कृती मानकांच्या विनियमांत पुरवठ्याच्या विश्वासार्हतेचे निर्देशांक आहेत. त्यांपैकी ‘सैडी’ हा निर्देशांक सरासरी एका ग्राहकाची वीज किती वेळ गेली ते सांगतो, तर ‘सैफी’ ती किती वेळा गेली ते सांगतो. म्हणजे व्यापारी जगाला हवे असलेले मोजमाप सार्वजनिक सेवेच्या नियमांतच आहे. ते फक्त अभियंत्याच्या अर्जात येत नाही.

हिशेब कसा होतो, हे पाहण्यासाठी एक उदाहरण घेऊ. यातील आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत, ते कोणत्याही प्रत्यक्ष वाहिनीचे नाहीत. डोंगराळ भागातून जाणारी २२ केव्हीची एक वाहिनी. तिच्यावर २,४०० ग्राहक. पहिल्या वर्षी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ती ४६ वेळा बंद पडली आणि एकूण ६१ तास बंद राहिली. शाखेच्या अभियंत्याने या ४६ घटना नोंदवहीतून काढल्या आणि कारणानुसार वेगळ्या केल्या. २१ वेळा झाडाची फांदी, १४ वेळा फुटलेला किंवा तडकलेला इन्सुलेटर, सहा वेळा जंपर आणि पाच वेळा कारण न सापडलेले. मग सगळ्या वाहिनीवर सरसकट काम करण्याऐवजी ज्या गाळ्यांत बिघाड पुन्हा पुन्हा झाले होते, तिथल्याच फांद्या तोडल्या. १४० पिन इन्सुलेटर बदलले. तीन ठिकाणी एबी स्विच बसवले, म्हणजे बिघाड झाला की तेवढाच तुकडा बाजूला काढून उरलेल्या गावांना वीज देता येईल. एकूण खर्च ६ लाख ८० हजार रुपये आणि हाताशी नऊ तंत्रज्ञ.

दुसऱ्या वर्षी त्याच चार महिन्यांत वाहिनीवर १९ बिघाड झाले. त्यांपैकी आठ वेळा संपूर्ण वाहिनी बंद राहिली, एकूण नऊ तास. उरलेल्या ११ वेळा फक्त ९०० ग्राहकांचा तुकडा बंद राहिला, एकूण १४ तास. (स्विच उघडेपर्यंत सगळेच अंधारात असतात, ती मिनिटे सोपेपणासाठी सोडली आहेत.)

‘६१ तासांवरून २३ तास’ हे पुरेसे नाही का?

ते खरे आहे, पण अपुरे आहे. नऊ आणि १४ मिळून २३ तास, म्हणजे सुमारे ६२ टक्के घट. यात एबी स्विचचा परिणाम दिसतच नाही, कारण १४ तासांच्या काळात १,५०० ग्राहकांकडे वीज होती. तो दिसण्यासाठी तासांना ग्राहकसंख्येने गुणावे लागते. पहिल्या वर्षी ६१ गुणिले २,४००, म्हणजे १,४६,४०० ग्राहक-तास. दुसऱ्या वर्षी नऊ गुणिले २,४०० म्हणजे २१,६००, आणि १४ गुणिले ९०० म्हणजे १२,६००. बेरीज ३४,२००. याला २,४०० ने भागले, की एका ग्राहकामागे सरासरी सव्वाचौदा तास मिळतात. ६१ तासांवरून सव्वाचौदा तास, म्हणजे सुमारे ७७ टक्के घट. योग्य मोजमाप निवडले, तर आकडा न फुगवताही काम अधिक मोठे दिसते.

कारखान्याच्या देखभाल विभागाची दोन मापे मात्र वेगळी असतात. दोन बिघाडांमध्ये सरासरी किती काळ गेला आणि एक बिघाड दुरुस्त करायला सरासरी किती वेळ लागला. चार महिन्यांचे १२२ दिवस. पहिल्या वर्षी सरासरी पावणेतीन दिवसांनी एक बिघाड येत होता, दुसऱ्या वर्षी सुमारे साडेसहा दिवसांनी. इथे सुधारणा ठळक आहे. दुरुस्तीच्या वेळेचे काय? पहिल्या वर्षी ६१ तासांत ४६ बिघाड, म्हणजे एका बिघाडाला ८० मिनिटे. दुसऱ्या वर्षी २३ तासांत १९, म्हणजे साधारण ७३ मिनिटे. फरक नाममात्र आहे.

याचा अर्थ या अभियंत्याने बिघाड होऊ दिले नाहीत आणि झाले तेव्हा त्यांची झळ कमी लोकांपर्यंत पोहोचू दिली. दुरुस्ती जलद केली, असे मात्र नाही. ‘तत्पर सेवा देऊन वीजपुरवठा त्वरित पूर्ववत केला’ हे ओळखीचे वाक्य त्याने लिहिले, तर ते त्याच्याच आकड्यांशी जुळणार नाही. आकडेमोडीचा खरा उपयोग हाच. आपण नेमके काय चांगले केले, हे ती आधी अर्जदाराला सांगते.

सुधारणा त्याच्या कामामुळेच झाली, हे कशावरून?

मुलाखतीतील सर्वांत कठीण प्रश्न हाच असतो. दुसऱ्या वर्षी पाऊस-वारा कमी असेल, तर बिघाड आपोआपच कमी होतील. त्यामुळे पहिला नियम असा, की तुलना त्याच महिन्यांची हवी. जुलैचे बिघाड डिसेंबरशी ताडून दाखवलेली घट म्हणजे केवळ ऋतुबदल. घाटमाथ्यावर पाऊस किती कोसळतो हे पुणे जिल्ह्यातल्या कोणत्याही कारखानदाराला ठाऊक असते. तो लगेच हे पकडतो.

दुसरा नियम, शेजारची वाहिनी पाहणे. समजा, तशाच भूभागातील शेजारच्या वाहिनीवर कोणतेही विशेष काम झाले नव्हते आणि तिचे बिघाड ४० वरून ३४ वर आले. म्हणजे सुमारे १५ टक्के घट बहुधा हवामानाची. तोच हिशेब लावला, तर काम न करताही ४६ चे ३९ झाले असते. म्हणून कामाचे श्रेय ४६ ते १९ या फरकाचे नाही, ३९ ते १९ या फरकाचे आहे. २७ नव्हे, २० बिघाड टळले. हा आकडा लहान आहे, पण उलटतपासणीत टिकणारा आहे. मुलाखत घेणाऱ्याने विचारण्याआधीच उमेदवाराने ही वजाबाकी सांगितली, तर बाकीच्या आकड्यांवरही विश्वास बसतो.

श्रेयाचा आणखी एक भाग आहे. इन्सुलेटर बदलायला खांबावर चढले ते जनमित्र, निधी मंजूर झाला तो विभागीय कार्यालयातून. अभियंत्याचा वाटा म्हणजे नोंदींचे वर्गीकरण, गाळ्यांची निवड, स्विचच्या जागा ठरवणे आणि वीज बंद ठेवण्याच्या वेळांचे नियोजन. ‘मी केले’ आणि ‘आम्ही केले’ यांच्या मध्ये नेमकी रेघ ओढता येणे, ही खासगी नोकरीतही पात्रताच मानली जाते.

मग रुपयांत फायदा का लिहू नये?

इथेच बहुतेक जण घसरतात. ‘व्यापारी भाषा’ म्हणजे प्रत्येक गोष्टीपुढे रुपयाचे चिन्ह, असा समज असतो. वरच्या वाहिनीवर सरासरी १,८०० किलोवॉट भार होता, असे धरू. पहिल्या वर्षी ६१ तासांत १,०९,८०० युनिट पोहोचू शकले नाहीत. दुसऱ्या वर्षी हाच आकडा २५,६५० युनिट येतो. म्हणजे ८४,१५० युनिट जास्त पोहोचले. युनिटला आठ रुपये धरले, की ६ लाख ७३ हजार रुपये. लगेच लिहिण्याचा मोह होतो, ‘महसुलात पावणेसात लाखांची वाढ’.

हा दावा दोन ठिकाणी फसतो. एक, ती वीज कंपनीलाही विकत घ्यावी लागते. विक्रीची रक्कम हा फायदा नसतो. खरेदी आणि वहनाचा खर्च वजा जाता युनिटला दोन रुपये उरतात असे धरले, तर आकडा १ लाख ६८ हजारांवर येतो. दोन, वीज गेली म्हणून थांबलेला शेतीपंप किंवा पिठाची गिरणी वीज आल्यावर चालतेच. म्हणजे काही विक्री बुडालेली नसते, फक्त पुढे गेलेली असते. शिवाय पहिल्या वर्षीच्या तुलनेतील सगळी घट त्याच्या कामाची नाही, हे आपण पाहिलेच. एका पावसाळ्याच्या या हिशेबात ६ लाख ८० हजारांचा खर्च भरून निघत नाही. इन्सुलेटर आणि स्विच अनेक वर्षे टिकतात, म्हणून काम वाया गेले असे नव्हे. पण ‘महसूलवाढ’ हे त्याचे नाव नाही.

व्यापारी भाषेचा अर्थ ‘समोरच्याचे नुकसान कशात आहे, ते ओळखून आपले काम त्या मापात सांगणे’ असा घेतला, तर वाट सापडते. पिरंगुटच्या प्लास्टिक साचेकाम करणाऱ्या कारखान्यात वीज दहा मिनिटे गेली, तरी यंत्रातील माल थंड होतो, साफसफाई करावी लागते आणि पाळीचा वेळ जातो. हिंजवडीच्या संकुलात वीज गेली, की जनित्र सुरू होते आणि डिझेलचा खर्च वाढतो. दोघांसाठीही ‘बिघाडांची संख्या निम्मी केली’ हे वाक्य ‘महसूल वाढवला’ यापेक्षा मोलाचे आहे. त्याचे रुपये ते स्वतःच्या वहीत स्वतः मांडतील.

वसुलीचे काम केलेल्यांनाही हेच लागू होते. ‘थकबाकी वसुलीची मोहीम राबवली’ याऐवजी बिलाच्या शंभर रुपयांपैकी आधी किती जमा होत होते आणि नंतर किती, हे प्रमाण लिहावे. वाहिनीत सोडलेल्या युनिटपैकी किती युनिटांचे बिल झाले, हे दुसरे प्रमाण. या दोन प्रमाणांच्या गुणाकारातून वितरण व्यवसायातील एकूण तांत्रिक आणि वाणिज्यिक हानी निघते. ९० टक्के युनिटांचे बिल झाले आणि बिलाच्या ९५ टक्के रक्कम जमा झाली, तर हाती साडेपंच्याऐंशी टक्के आले आणि हानी साडेचौदा टक्के. खासगी वितरण कंपन्या, मीटर कंपन्या आणि सल्लागार संस्थांना हे माप परिचयाचे असते. कारखान्याला त्याचा उपयोग नसतो. म्हणून एकच अर्ज सगळीकडे पाठवून चालत नाही.

कारखान्याला उपयोगी पडणारे ज्ञान वेगळे. उच्चदाब ग्राहकांचे बिल एप्रिल २०२० पासून राज्यात केव्हीएएच मापाने होते. कारखान्याने महिन्याला २ लाख किलोवॉट-तास वीज वापरली आणि पॉवर फॅक्टर ०.९० असेल, तर बिलावर सुमारे २,२२,२०० युनिट लागतात. तोच ०.९८ केला, तर सुमारे २,०४,१०० युनिट लागतात. फरक महिन्याला १८ हजार युनिटांचा. बिलिंगच्या बाजूने हे रोज पाहिलेला अभियंता कपॅसिटर बँक नादुरुस्त झाल्याचे बिलावरून ओळखू शकतो. हा अनुभव त्याच्या सध्याच्या अर्जात बहुधा नसतोच, कारण सरकारी पदाच्या कर्तव्यसूचीत त्याला नाव नाही.

अर्जात शेवटी काय लिहायचे?

आधीचे वाक्य असे होते : ‘शाखा कार्यालयांतर्गत वाहिन्यांची देखभाल-दुरुस्ती. पावसाळापूर्व कामांची शंभर टक्के उद्दिष्टपूर्ती.’

त्या जागी असे येईल : ‘डोंगराळ भागातील २,४०० ग्राहकांच्या २२ केव्ही वाहिनीवर जून-सप्टेंबरमधील बिघाड ४६ वरून १९ वर. प्रतिग्राहक वीजखंड ६१ तासांवरून सुमारे १४ तासांवर. बिघाड-नोंदींच्या विश्लेषणावरून निवडक गाळ्यांत काम आणि तीन ठिकाणी वाहिनीचे विभाजन. नऊ तंत्रज्ञ, खर्च ६.८ लाख रुपये.’

आधी व्याप्ती, मग फरक, मग रीत, शेवटी साधने, असा हा क्रम आहे. विशेषण एकही नाही. हवामानाच्या वाट्याची वजाबाकी मुलाखतीसाठी तयार ठेवावी. लिंक्डइनवर पदाचे नावही नुसते ‘कनिष्ठ अभियंता’ असे न ठेवता त्यापुढे जबाबदारीची व्याप्ती लिहिता येते. मात्र मूळ पदनाम बदलून ‘व्यवस्थापक’ करणे धोक्याचे. नोकरी देताना होणाऱ्या पडताळणीत पदनाम, कालावधी आणि शेवटचे वेतन जुन्या कार्यालयाकडून तपासले जाते. निकालांचे आकडे तिथे क्वचितच तपासले जातात, पण पदनामातील बदल लगेच उघड होतो आणि मग खऱ्या आकड्यांवरही संशय येतो.

नोंदवही हातची मालमत्ता नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. ती कार्यालयाची असते. तिची छायाचित्रे, ग्राहकांची नावे, थकबाकीच्या याद्या किंवा वाहिन्यांचे नकाशे अर्जासोबत जोडणे हा सेवाशिस्तीचा भंग ठरू शकतो. शिवाय आज जुन्या कंपनीची कागदपत्रे घेऊन आलेला माणूस उद्या आपलीही नेईल, असे नवी कंपनी समजते. प्रमाणे आणि गोळाबेरीज सांगावी, वाहिनीचे नाव सांगण्याची गरज नाही. सेवेत असतानाच अर्ज करायचा, तर कार्यालयाच्या नियमाप्रमाणे ना हरकत घ्यावी. राजीनामा मंजूर होऊन कार्यमुक्तीचा आदेश हाती येईपर्यंत माणूस जुन्याच नोकरीत असतो आणि त्यास लागणारा वेळ नव्या कंपनीला आधीच सांगणे भाग असते.

या भाषांतरात काय हरवते?

वरच्या वाहिनीच्या शेवटच्या टोकाला चाळीस घरांची एखादी वाडी असते. धो-धो पावसात, चिखलवाट तुडवत तिथे जाऊन वीज सुरू केली, तर ग्राहक-तासांच्या हिशेबात ती जवळपास दिसत नाही आणि रुपयांच्या हिशेबात तर मुळीच नाही. तरीही सार्वजनिक सेवेत ते काम टाळता येत नाही, कारण वाडीतल्या ग्राहकाचा हक्क कारखान्याइतकाच असतो. खासगी उद्योगाला या कामाचे मोल सांगायचे, तर त्याची दुसरी बाजू सांगावी लागते. रस्ता नाही, संपर्क नाही, मोजकी माणसे, अशा ठिकाणी तारेवर काम सुरू करण्याआधी परवाना कसा घेतला, वाहिनी अर्थ कशी केली, कामगारांना इजा होऊ न देता काम कसे पुरे केले. कारखान्याचा सुरक्षा अधिकारी हे कान देऊन ऐकतो.

थोडक्यात, सरकारी अनुभवाला व्यापारी मुलामा देण्याची गरज नसते. आधी काय होते, नंतर काय झाले, त्यातले आपले किती, याचा प्रामाणिक हिशेब नोंदवहीतून निघू शकतो. फक्त तो राजीनामा देण्यापूर्वी, नोंदवही समोर असतानाच करायला हवा. एकदा कार्यमुक्त झाल्यावर ती वही पुन्हा उघडता येत नाही आणि मुलाखतीत आठवणीतले आकडे उपयोगी पडत नाहीत.